स्कार्लेट फीवर: पॉलिश पेपरसारखं पुरळ, लाल जीभ, आणि स्वॅब आधी मग औषध

शनिवारी दुपारी बहिणीचा फोन आला. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची स्वरा, ६ वर्षांची, वजन १८ किलो. शुक्रवारी संध्याकाळी शाळेतून आली, डोकं दुखतंय म्हणाली, दोन उलट्या झाल्या, रात्री ताप १०२. सकाळी १०३ आणि थुंकी गिळताना रडत होती. बहीण म्हणाली, "अगं डॉक्टरांकडे जाऊन आले, त्यांनी घशाची ती दहा मिनिटांची टेस्ट केली, निगेटिव्ह आली. म्हणजे व्हायरलच ना? आणि अंगावर थोडं घामोळं आलंय, आई म्हणतात गोवर असेल, औषध देऊ नकोस, कडुलिंबाचा पाला ठेव उशाशी."

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चर सेक्शनला आहे, म्हणजे नमुना प्लेटवर वाढवून त्यात कुठला जंतू उगवतो ते बघायचं, बरीच वर्षं झाली. डॉक्टर नाही, औषध लिहून देणं माझं काम नाही, पण घशाचे स्वॅब इतके बघितलेत की "घामोळं" आणि "घसा" हे दोन शब्द एका वाक्यात आले की मी उठून चप्पल घालते. लालबागला त्यांच्या खोलीत पोचेपर्यंत चार वाजले. पुढे जे केलं ते त्याच क्रमाने लिहिते, कारण स्कार्लेट फीवर, म्हणजे घशातल्या जंतूच्या संसर्गात ताप आणि अंगभर पुरळ येतं तो आजार, त्यात सगळी गंमत क्रमाचीच आहे, औषध आधी आणि तपासणी नंतर केली की अर्धी माहिती हातची गेलेली असते.

आधी हात फिरवून बघा, डोळ्यांवर विसंबू नका

इंटरनेटवर स्कार्लेट फीवरचे जे फोटो आहेत ते बहुतेक गोऱ्या मुलांचे, पाठ नुसती टोमॅटोसारखी लाल. आपल्या सावळ्या रंगावर तसं दिसत नाही. ट्यूबलाइटखाली तर काहीच दिसत नाही. स्वराला मी गॅलरीत उजेडात आणलं तरी छातीवर फक्त जरा काळपट लालसर झाक होती, पण हाताची मागची बाजू फिरवली आणि लगेच कळलं. सुतारकामाचा पॉलिश पेपर असतो ना, अगदी बारीक नंबरचा, तसं लागतं. किंवा थंडीने अंगावर काटा आलाय आणि तो जातच नाहीये, असं. हे पुरळ मानेवर, छातीवर, काखेत सुरू होतं, मग एका दिवसात पोट, पाठ, हातपाय. ताप आणि घसा सुरू झाल्यावर साधारण १२ ते ४८ तासांनी येतं, म्हणून पहिल्या दिवशी अंग स्वच्छ असलं तरी विषय संपत नाही.

घामोळं कसं ओळखायचं तर त्यात ताप नसतो, मूल खाजवत असतं, आणि ते कपडा घासतो तिथेच जास्त असतं. गोवर असेल तर तीन-चार दिवस आधी वाहतं नाक, खोकला, डोळे लाल आणि चिपडं, आणि मग पुरळ कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरतं. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची मोठी साथ आली होती, तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक पुरळ म्हणजे गोवर असं झालंय, आजींना दोष देत नाही मी. पण स्वराला ना सर्दी ना खोकला, आणि तिचा चेहरा बघा: गाल तापाने लाल, तोंडाभोवती मात्र फिकट पट्टा, दूध पिऊन पुसल्यासारखा. हा फिकट पट्टा गोवरात नसतो.

अजून दोन जागा बघायच्या. एक कोपराची घडी आणि काख, तिथे लालसर-काळपट आडव्या रेघा दिसतात, पेनने ओढल्यासारख्या. आणि दुसरं, काचेचा ग्लास, स्टीलचा नाही, पारदर्शक, तो अंगावर दाबून त्यातून बघायचं. स्कार्लेट फीवरचं पुरळ दाबलं की फिकं होतं (त्या घडीतल्या रेघा कधीकधी होत नाहीत, त्याने घाबरू नका). पण ग्लास दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके अंगभर असतील आणि मूल मलूल पडलं असेल, मान कडक असेल, तर हा लेख वाचत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

जीभ

जिभेबद्दल गैरसमज असा की स्ट्रॉबेरी म्हणजे पहिल्या दिवसापासून लालभडक. तसं नाही. सुरुवातीला जिभेवर पांढरा थर असतो, आणि त्या थरातून लाल सुजलेले दाणे वर आलेले दिसतात, साय आलेल्या दुधावर लाल खसखस पडल्यासारखं काहीतरी. चौथ्या-पाचव्या दिवसाकडे तो थर सोलून जातो आणि मग खाली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखी लाल दाणेदार जीभ उघडी पडते. स्वराची शनिवारी पांढरी स्टेज होती, मंगळवारी लाल झाली. म्हणून पहिल्या दिवशीचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा, डॉक्टरांना दोन्ही दाखवता येतात, याचा खरंच उपयोग होतो. आणि हो, आधी विचारा काय खाल्लंय. कालाखट्टा गोळा किंवा लाल पेप्सी खाल्लेली जीभ घेऊन लोक आमच्याकडे आलेत.

जिभेवरून एकट्याने काही ठरत नाही मात्र. अशीच जीभ कावासाकी नावाच्या आजारात दिसते, तो जंतूचा नाही, रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आहे, बहुतेक ५ वर्षांखालच्या मुलांत. तिथे ताप ५ दिवस किंवा जास्त हटतच नाही, दोन्ही डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फाटलेले, हातपाय सुजलेले. त्याचं औषध वेगळं आहे आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचवायच्या तर ते शक्यतो पहिल्या १० दिवसांत द्यावं लागतं. आता विचार करा, स्वॅब न घेता अँटिबायोटिक सुरू केलं, ताप उतरला नाही, तर डॉक्टरांना कळणार कसं की औषध चुकलं की आजारच दुसरा आहे? त्यांच्याकडे सांगायला कल्चर असेल तर गोष्ट पटकन सुटते.

स्वॅब, आणि तो कुठे चुकतो

सकाळची टेस्ट निगेटिव्ह होती. मी बहिणीला विचारलं, स्वॅब घेताना स्वराने काय केलं? म्हणाली, "काय करणार, तोंडच उघडेना, त्यांनी कसाबसा आत घातला आणि काढला." म्हणजे त्या काडीवर जीभ आणि गाल होते, टॉन्सिल नव्हते. स्कार्लेट फीवर ज्याने होतो तो जंतू, ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस, म्हणजे आपला ग्रुप ए स्ट्रेप, टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर राहतो. जिभेवर लाळ आणि इतर हजार जंतू.

शिवाय ती दहा मिनिटांची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर बहुतेक वेळा खरीच असते, पण निगेटिव्हवर लहान मुलांत तेवढा भरवसा नाही, १०० खऱ्या केसमधल्या साधारण १५ तरी ती सोडते. म्हणून मुलांत लक्षणं बोलत असतील आणि रॅपिड निगेटिव्ह असेल तर कल्चर करायचंच, हा जुना नियम अजून तसाच आहे.

माझ्याकडे किट होतं. आधी विचारलं, सकाळपासून काही अँटिबायोटिक दिलंय का. भावोजींनी प्रामाणिकपणे सांगितलं की घरात ॲझिथ्रोची उरलेली बाटली आहे आणि ते रात्री देणारच होते. नशीब दिली नाही. एक-दोन डोस पोटात गेले की घशातले जंतू अर्धमेले होतात आणि प्लेटवर उगवत नाहीत, घरात मात्र आजार तसाच असतो. दुसरं, बीटाडिनच्या गुळण्या केल्या होत्या का, तेही विचारायचं. केल्या असतील तर काही तास थांबलेलं बरं.

मग असं. मुलाला मोठ्या माणसाच्या मांडीवर बसवायचं, पाठ त्या माणसाच्या छातीला, एक हात मुलाच्या दोन्ही हातांवरून आणि दुसरा कपाळावर. डोकं जरा मागे. मोबाईलचा टॉर्च तिसऱ्याने धरायचा, स्वतः धरला तर काडी हलते. जीभ दाबायच्या लाकडी पट्टीने जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग दाबायचा, मागे गेलात की उलटी. "आ" म्हणायला लावलं की पडजीभ वर जाते आणि मागची भिंत दिसते. आता काडी: एका टॉन्सिलवर जोर देऊन घासायची, नुसती टेकवायची नाही, मग मागची भिंत, मग दुसरा टॉन्सिल. पांढरे पुवाचे ठिपके दिसत असतील तर तिथे नक्की. बाहेर काढताना जीभ, गाल, दात कशालाच लागू द्यायची नाही. सगळं मिळून ५ सेकंद, मूल खोकतंच, डोळ्यातून पाणी येतंच. स्वराने माझ्या हाताला चावा घेतला, ते जाऊ दे. आणि हे वाचून घरी काडी घालायला जाऊ नका, तुमचं काम फक्त मूल नीट धरणं आणि घेणाऱ्याने टॉन्सिलवर घासली का हे बघणं. घासली नसेल तर तिथल्या तिथे म्हणा, "अहो, परत एकदा घ्या." राग आला तरी चालेल.

काडी ट्रान्सपोर्ट मिडियमच्या नळीत घालून लेबल लावलं: नाव, वय, वेळ, "अँटिबायोटिक दिलेलं नाही". फॉर्मवर लिहायचं असतं की बीटा हिमोलायटिक स्ट्रेप बघा, नुसतं "थ्रोट स्वॅब" लिहिलं की कोणी घाईत असेल तर "नॉर्मल फ्लोरा" लिहून मोकळा होतो. लॅबला एक प्रश्न आधीच विचारून घ्या, प्लेट मेंढीच्या रक्ताची वापरता का. काही ठिकाणी ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरतात, त्यात आधीची अँटिबॉडी, अँटिबायोटिक काय काय असतं, आणि जंतूभोवती रक्त फुटण्याचा जो बदल आपल्याला बघायचाय तो नीट उठून दिसत नाही. विचारलं की समोरचा जरा चमकतो, पण विचारा.

रविवारी माझी ड्युटी होती. सकाळी इनक्युबेटरमधून प्लेट काढली. लाल प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढ्या करड्या वसाहती आणि प्रत्येकीभोवती तिच्या तीन-चारपट मोठं स्वच्छ वर्तुळ. प्लेट खिडकीपुढे धरली तर त्या वर्तुळातून मागचा बोर्ड वाचता येत होता, कारण जंतूने तिथलं रक्त पूर्ण फोडून टाकलेलं असतं. दुसऱ्या प्लेटवर बॅसिट्रॅसिन या अँटिबायोटिकची चकती ठेवली, सोमवारी तिच्याभोवती वाढ थांबलेली दिसली, लेटेक्स टेस्टने ग्रुप ए पक्का केला. म्हणजे ४८ तासांत रिपोर्ट. निगेटिव्ह असतं तर आम्ही दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवूनच निगेटिव्ह म्हणतो.

स्वॅब कुणाचा घेऊ नये हेही सांगते, कारण उलटा प्रकारही फार होतो. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तोंडात छाले आहेत, असं असेल तर तो व्हायरल घसा आहे, त्यात स्वॅब घेऊन उगाच अडचण होते. काही निरोगी मुलांच्या घशात हा जंतू नुसता राहतो, त्रास न देता. सर्दीच्या मुलाचा स्वॅब पॉझिटिव्ह आला की त्याला उगाच पेनिसिलीन. आजारी मुलाच्या घरातल्या सगळ्यांचे स्वॅब काढायचीही गरज नाही, ज्याचा घसा दुखतोय किंवा ताप आहे त्याचाच.

आणि कृपा करून एएसओ टायटरच्या मागे लागू नका. ती रक्ताची तपासणी आहे, शरीराने या जंतूविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी मोजते, आणि ती वाढायला आठवडा ते तीन आठवडे लागतात. म्हणजे आज ताप आहे तर आज ती काही सांगणार नाही. आपल्याकडे मुलांना घसा वर्षातून दोन-तीनदा धरतो, त्यामुळे आकडा असाही वाढलेला सापडतो, आणि मग "पाय दुखतात, एएसओ ४०० आहे, इंजेक्शन सुरू करा" असं चालू होतं. नुसत्या वाढलेल्या एएसओने र्‍हुमॅटिक ताप ठरत नाही, तो काय असतो ते पुढे सांगते.

ताप जातोच, मग पेनिसिलीन कशाला

हा भावोजींचा प्रश्न होता आणि प्रश्न बरोबर आहे. औषध न देताही बहुतेक मुलांचा ताप पाच-सहा दिवसांत उतरतो. पुरळ आठवड्यात जातं. म्हणूनच लोक फसतात.

झालेलं असं असतं: पुरळ जंतूमुळे नाही, जंतूने सोडलेल्या विषामुळे येतं. ते विष बनवायची माहिती सगळ्या स्ट्रेपकडे नसते, जंतूत शिरलेल्या एका व्हायरसकडून ती त्याला मिळालेली असते, म्हणून तोच घसा कुणाला नुसता टॉन्सिल आणि कुणाला स्कार्लेट फीवर. पण खरा धोका नंतरचा. जंतूच्या अंगावरचं एक प्रोटीन आणि आपल्या हृदयाच्या काही भागांतलं प्रोटीन सारखं दिसतं. शरीर जंतूवर सोडलेला मारा चुकून हृदयाच्या झडपांवर करतं, दोन-तीन आठवड्यांनी, जेव्हा घसा कधीच विसरलेला असतो. हाच र्‍हुमॅटिक ताप. परळच्या बाजूला राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको, झडप आकुंचन पावलेल्या पंचविशीतल्या बायका म्युनिसिपल हॉस्पिटलच्या ओपीडीत आजही दिसतात, आणि विचारलं तर लहानपणी सांधे सुजले होते एवढंच आठवतं.

पेनिसिलीनने हे थांबतं हे कळलं १९४९-५० च्या सुमाराला, अमेरिकेत व्योमिंगमधल्या वॉरन एअर फोर्स तळावर. तिथे भरती झालेल्या पोरांचे घसे सतत धरायचे. काहींना पेनिसिलीन दिलं, काहींना नाही, आणि ज्यांना दिलं त्यांच्यात र्‍हुमॅटिक ताप खूपच कमी झाला. त्यातून पुढे हेही ठरलं की घसा धरल्यापासून ९ दिवसांच्या आत सुरू केलं तरी संरक्षण मिळतं. म्हणजे कल्चरच्या दोन दिवसांसाठी थांबलं तरी आभाळ कोसळत नाही. स्वराच्या डॉक्टरांनी मात्र पुरळ आणि जीभ बघून शनिवारी रात्रीच, स्वॅब घेऊन झाल्यावर, औषध सुरू केलं, तेही बरोबरच, एवढं स्पष्ट चित्र असताना मुलाला का रडवायचं.

आणि पेनिसिलीनच का? कारण इतक्या वर्षांत रुग्णात पेनिसिलीनला दाद न देणारा ग्रुप ए स्ट्रेप सापडलेला नाही. इतर जंतू कुठल्या कुठे पोचले, हा तिथेच आहे. ॲझिथ्रोमायसिनचं तसं नाही, त्याला न जुमानणारे स्ट्रेप आहेत, तीन दिवसांची बाटली संपते, ताप उतरतो (तो तसाही उतरणारच होता) आणि जंतू घशात राहतो. अमॉक्सिसिलीनबरोबर क्लॅव्हुलेनिक ॲसिड घातलेलं महागडं औषधही इथे लागत नाही. ते क्लॅव्हुलेनिक ॲसिड ज्या एन्झाइमवर काम करतं ते या जंतूकडे नाहीच, वर मुलाला जुलाब. चिठ्ठीवर ते दिसलं तर विचारायला हरकत नाही, "डॉक्टर, साधं अमॉक्सिसिलीन चालेल का?"

१० दिवस, आणि बाटलीचं गणित

पेनिसिलीन व्ही च्या गोळ्या सगळ्या केमिस्टकडे नसतात आणि ६ वर्षांचं मूल गोळी घेत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी अमॉक्सिसिलीन सिरप, ते पेनिसिलीनच्याच घरातलं. डोस वजनावर: किलोला ५० मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त १ ग्रॅम, १० दिवस. स्वराचे १८ किलो म्हणजे ९०० मिलिग्रॅम. ते दिवसातून एकदा देतात किंवा दोनदा वाटून, डॉक्टरांनी सकाळ-रात्र ४५० लिहिलं. ५ मिलीत २५० असलेलं सिरप घेतलं तर एका वेळी ९ मिली.

आता बघा कोर्स का अर्धवट राहतो. रोज १८ मिली, १० दिवस म्हणजे १८० मिली. साठ मिलीची बाटली तीन दिवस चालते आणि तळाला एक अपुरा डोस उरतो. म्हणजे तीन बाटल्या लागतात. चिठ्ठीवर "१ बाटली" किंवा काहीच आकडा नसेल तर केमिस्ट एकच देतो, चौथ्या दिवशी ती संपते, मूल उड्या मारतंय, मंगळवारी ऑफिसहून येताना पाऊस, आणि संपलं. आळस नाही हा, बाटलीच तेवढी होती. म्हणून पहिल्याच दिवशी तीन बाटल्या आणायच्या, पण तिन्ही एकदम पाणी घालून ठेवायच्या नाहीत. पावडर असते, उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेपर्यंत, हलवायचं, फेस बसला की परत खुणेपर्यंत. एकदा पाणी घातलं की बहुतेक बाटल्यांवर सात दिवसांची मुदत लिहिलेली असते आणि फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. एक संपली की दुसरी उघडायची.

दुसरी चूक ताकदीची. तेच नाव, तोच डबा, पण एकावर ५ मिलीत १२५ आणि दुसऱ्यावर २५०. बहिणीने दुसरी बाटली कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणली, ती १२५ ची निघाली, आणि ती तेच ९ मिली देत होती. दीड दिवस निम्मा डोस. बुधवारी मी फ्रिज उघडला तेव्हा दिसलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ती बाजूला ठेवून २५० ची आणायला आणि पुढचा कोर्स तसाच चालू ठेवायला सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरात मिली लिहायची पद्धत पडलीय. चहाचा चमचा वापरू नका, खुणा असलेली सिरिंज घ्या.

दहा दिवस ज्या घरात जमणारच नाहीत, गावी जायचंय, मूल थुंकतं, त्यांच्यासाठी एकच इंजेक्शन आहे, बेंझाथाइन पेनिसिलीन, कमरेत. २७ किलोच्या आत ६ लाख युनिट, वर १२ लाख, एकदाच, आणि कोर्स पूर्ण. दुखतं, खूप दुखतं, आणि बरेच फॅमिली डॉक्टर रिॲक्शनच्या भीतीने ते ठेवत नाहीत. जिथे रिॲक्शनवरचं ॲड्रेनलिन हाताशी आहे आणि अर्धा तास बसवून ठेवतात तिथेच घ्यायचं.

ॲलर्जीबद्दल एक गोष्ट. समजा एखाद्या मुलाला शुक्रवारी ताप, शनिवारी सकाळी पहिला डोस, शनिवारी संध्याकाळी पुरळ. आई म्हणते औषध लागलं, डॉक्टर घाईत फाइलवर लाल पेनने "पेनिसिलीन ॲलर्जी" लिहितात, आणि ते मूल म्हातारं होईपर्यंत ते लाल अक्षर बरोबर फिरतं. स्कार्लेट फीवरचं पुरळ यायची वेळच ती असते. म्हणून डोस देण्याआधीच अंगावर हात फिरवून बघा आणि लिहून ठेवा. खरी ॲलर्जी म्हणजे डोसनंतर थोड्या वेळात खाजणाऱ्या गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वासाला घरघर, आणि तशी असेल तर औषध बंद आणि थेट हॉस्पिटल. ज्यांना खरीच आहे त्यांच्यासाठी इतर औषधं आहेत, ते डॉक्टर ठरवतील.

तापाला पॅरासिटामॉल. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन नको, आणि ॲस्पिरिन मुलांना नकोच. गार दूध, मऊ भात, आइसक्रीमही चालतं, घशाला बरं वाटतं, आजी ओरडतात पण चालतं.

नंतरचे तीन आठवडे

औषध सुरू झाल्यावर एक दिवस गेला की मूल सहसा दुसऱ्याला देत नाही. म्हणजे २४ तास झाले आणि ताप नाही तर शाळेत पाठवता येतं. स्वराच्या शाळेने १५ दिवस घरी ठेवा म्हणून सांगितलं, पुरळ दिसतंय म्हणून, डॉक्टरांचं पत्र घेऊन गेलो तेव्हा पाचव्या दिवशी घेतलं. पाण्याची बाटली, चमचा, टॉवेल वेगळा एवढंच पाळायचं.

४८ तासांत ताप हलला नाही तर परत डॉक्टर. मान एका बाजूने सुजली, तोंड उघडेना, लाळ गळायला लागली तर टॉन्सिलमागे पू झालेला असू शकतो. हातापायात असह्य दुखणं, मूल गुंगीत, श्वास जलद, तर जंतू रक्तात किंवा स्नायूत गेल्याची शंका, तेव्हा वाट बघायची नाही. २०२२ च्या शेवटी ब्रिटनमध्ये स्कार्लेट फीवर एकदम वाढला तेव्हा अशा गंभीर केसेसमुळेच तिकडे धावपळ झाली होती.

आठवडा-दहा दिवसांनी बोटांच्या टोकांची कातडी सोलायला लागते, नखांच्या कडेने सुरू होऊन तळव्यापर्यंत, फेविकॉल वाळल्यावर सोलतो तशी. बघायला भयंकर, दुखत नाही, संसर्गही नाही, खोबरेल लावा. ज्यांच्याकडे निदान हुकलंय त्यांना कधीकधी इथे मागे वळून कळतं की तो ताप कसला होता.

कोर्स संपल्यावर स्वॅब परत करायची गरज नसते. लक्ष दोन गोष्टींवर ठेवायचं. लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली, सकाळी डोळ्यांखाली सूज आली, लघवी कमी झाली, तर किडनीला सूज आलेली असू शकते, घशानंतर साधारण दहा दिवसांनी, आणि ही गोष्ट पेनिसिलीन घेऊनही होऊ शकते, त्याची हमी औषध देत नाही. दुसरं, तीन आठवडे आणि त्यानंतरही एक गुडघा, मग घोटा, मग मनगट असं सूज फिरत असेल, धाप लागत असेल, किंवा मूल हातवारे केल्यासारखं विचित्र हालचाल करत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि हृदयाची इको तपासणी.

स्वराची लघवी आम्ही दहाव्या आणि पंधराव्या दिवशी डिपस्टिकने बघितली, आमच्याच लॅबमध्ये, स्वच्छ होती. बहीण फ्रिजच्या दारावर कॅलेंडर लावून रोज खूण करायची, आणि एकविसाव्या दिवशी स्वराने स्वतः त्यावर स्केचपेनने लाल जीभ काढली.